‘जॉइनिंगची तारीख पुढे ढकलत आहोत’ असा मेल आल्यावर

“नवीन कंपनीचं ऑफर लेटर सही करून पाठवलं, त्याच भरवशावर इथे राजीनामा दिला. नोटीस पिरियडचे बारा दिवस उरलेत. आज मेल आला की ‘व्यावसायिक कारणांमुळे आपली जॉइनिंगची तारीख पुढे ढकलत आहोत, नवीन तारीख यथावकाश कळवू.’ ऑफर गेली असं समजायचं का? उत्तर काय पाठवू आणि आधी काय करू?”

आज तुमच्या हातात सगळ्यात मोलाचं काही असेल तर ते उरलेले बारा दिवस. या बारा दिवसांत तुम्ही अजून नोकरीवर आहात. तेराव्या दिवशी जुनी कंपनी तुमची कोणी लागत नाही आणि नवी अजून लागलेली नाही. म्हणून मेलचा अर्थ लावणं आणि जुनी नोकरी सावरणं ही दोन कामं एकामागून एक करू नका, एकाच वेळी सुरू करा. बहुतेक जण नव्या कंपनीच्या खुलाशाची वाट बघत आठवडा घालवतात आणि मग साहेबांकडे जातात. तोवर त्यांच्या जागी दुसरा माणूस ठरलेला असतो.

मी सतरा वर्षं भरतीच्या कामात आहे. असे मेल मी स्वतः पाठवलेत, अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट नाही. त्यामुळे असा मेल सुटतो तेव्हा आत काय चाललेलं असतं ते आधी सांगतो.

कंपनीत प्रत्येक रिकाम्या जागेमागे एक मंजुरी असते. अमुक विभागात अमुक पगाराचा एक माणूस घ्यायला वित्त विभागाने दिलेला होकार. ऑफर लेटर त्या मंजुरीच्या जोरावर निघतं. पुढे धंद्याचा अंदाज चुकतो, एखादा ग्राहक काम लांबवतो किंवा वरून खर्च कमी करायचा आदेश येतो. मग त्या मंजुरीचं तीनपैकी एक होतं. ती चालू राहते आणि फक्त तारीख सरकते. किंवा ती गोठवली जाते, म्हणजे जागा कागदावर असते पण माणूस घ्यायला परवानगी नसते. किंवा ती रद्द होते. तिन्ही वेळा उमेदवाराला जाणारे मेल जवळपास सारखेच दिसतात, कारण मजकूर कायदा विभागाने तपासलेला असतो आणि त्यांचा पहिला हेतू कंपनीने कशातही अडकू नये हा असतो. तुमच्याशी बोलणाऱ्या रिक्रूटरला तीनपैकी काय झालंय हे बऱ्याचदा ठाऊकही नसतं. त्याच्यावर चिडून काही हाती लागत नाही.

तरीही मेलमधून थोडं कळतं, आणि सगळ्यात जास्त सांगते ती तारीख. नवी तारीख स्पष्ट दिली असेल, उदाहरणार्थ ‘७ तारखेऐवजी २१ तारखेला’, तर मंजुरी बहुधा जिवंत आहे. लॅपटॉप आला नाही, ज्याच्या हाताखाली काम करायचं तो रजेवर आहे, नवीन लोकांची तुकडी एकत्र घ्यायची आहे, अशी साधी कारणंही असतात. तारीखच नसेल आणि ‘यथावकाश’, ‘पुढील सूचनेपर्यंत’, ‘परिस्थितीचा आढावा घेऊन’ असे शब्द असतील, तर जागा गोठवलेली आहे असं धरून चाला. गोठवलेली जागा पुन्हा उघडते, मी उघडलेल्या पाहिल्या आहेत. पण कधी उघडेल ते त्या दिवशी कंपनीत कोणालाच माहीत नसतं. तुमचा मेल याच प्रकारचा आहे. ऑफर गेली असं मी म्हणणार नाही, मात्र घरचा हिशोब मांडताना ती गेली असं धरूनच मांडा.

भरती मंदावणं आणि ऑफर मागे घेणं यांत किती कमी अंतर असू शकतं याचं एक जाहीर उदाहरण आहे. कॉइनबेस या क्रिप्टो चलनांचा बाजार चालवणाऱ्या कंपनीने मे २०२२ च्या मध्यावर भरतीचा वेग कमी करत असल्याचं सांगितलं. २ जूनला तिने भरती थांबवलेलीच राहील असं जाहीर केलं आणि उमेदवारांनी आधीच स्वीकारलेल्या बऱ्याच ऑफर मागे घेतल्या. मध्ये तीन आठवडेही नव्हते. म्हणून ‘अजून फक्त पुढेच ढकललंय ना’ या वाक्यावर फार विसंबू नका.

दुसरी खूण म्हणजे कारण. तुमच्या मेलमध्ये ‘व्यावसायिक कारणं’ आहेत, म्हणजे अडचण कंपनीची आहे. ‘पडताळणी पूर्ण झाल्यानंतर’, ‘कागदपत्रांची छाननी सुरू असल्याने’, ‘ऑफर विचाराधीन आहे’ असं काही असतं तर अडचण तुमच्या नावाशी जोडलेली असती. तिथे वाट वेगळी, आणि खरं तर जास्त आशेची. जुन्या नोकरीच्या तारखांत एखाद्या महिन्याची तफावत, बंद पडलेल्या कंपनीकडून उत्तर न येणं, पदवीच्या कागदावर नावाचं वेगळं स्पेलिंग, अशा गोष्टींवर पडताळणी अडते आणि पगाराच्या पावत्या किंवा बँकेचं विवरण पाठवलं की सुटते. कारण कोणतं हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्याच पदाची, त्याच विभागातली जाहिरात अजून आहे का बघा. व्यावसायिक कारणाने थांबवलेल्या पदाची जाहिरात सहसा काढलेली असते. ती ताजी दिसत असेल तर कारण मेलमध्ये लिहिलंय ते नसावं, आणि तुम्ही सरळ विचारलं पाहिजे की माझ्या पडताळणीत काही अडलं आहे का. ‘सहसा’ म्हणतो, कारण जाहिरात काढायला विसरणाऱ्या कंपन्याही पुष्कळ आहेत.

आणि एक, हे पाच मिनिटांचं काम आहे: मेल खरा आहे ना ते पाहा. पाठवणाऱ्याचा पत्ता ऑफर लेटर ज्या पत्त्यावरून आलं त्याच डोमेनचा आहे का, आणि ‘उत्तर द्या’ दाबल्यावर दुसराच पत्ता येत नाही ना? ऑफर पुन्हा सुरू करण्यासाठी अनामत, प्रशिक्षण शुल्क किंवा ‘परत मिळणारी रक्कम’ मागितली असेल तर ती फसवणूक आहे. तिथे बहुतेक वेळा मूळ ऑफरही खोटीच निघते. शंका आली तर मेलमधल्या नंबरवर फोन करू नका, कंपनीच्या संकेतस्थळावरचा नंबर शोधून करा.

आता पावलं. माझ्या ओळखीतल्या एका लेखापाल बाईंचं प्रकरण तुमच्यासारखंच होतं, त्याच्या आधाराने सांगतो. त्यांनी ३ मार्चला ऑफर सही केली, ४ मार्चला राजीनामा दिला. नोटीस तीस दिवसांची, म्हणजे शेवटचा दिवस ३ एप्रिल. जॉइनिंग ७ एप्रिलला. २२ मार्चच्या संध्याकाळी तुम्हाला आला तसाच मेल आला. बारा दिवस उरले होते.

त्या रात्री त्यांनी फक्त कागद गोळा केले. ऑफर लेटर, सही केलेली प्रत, पगार आणि तारीख ठरवताना झालेले मेल, ‘राजीनामा दिला का?’ असं विचारणारा रिक्रूटरचा मेसेज, स्वतःचा राजीनाम्याचा मेल, आणि या ऑफरसाठी दुसऱ्या एका कंपनीला नकार कळवल्याचा मेल. सगळं खासगी मेलवर आणि घरच्या संगणकावर उतरवून ठेवलं. हे त्याच रात्री करायचं कारण असं की ऑफर मागे घेतली गेली की उमेदवारांच्या पोर्टलचं लॉगिन बंद होतं आणि तिथेच ठेवलेलं पत्र पुन्हा उघडत नाही. रिक्रूटरचा तो मेसेज क्षुल्लक वाटतो, पण तुम्ही राजीनामा देणार हे कंपनीला माहीत होतं याचा तो पुरावा आहे. त्याचं मोल पुढे कळेल.

२३ ला सकाळी त्यांनी रिक्रूटरला फोन केला. पंधरा मिनिटांच्या बोलण्यात एकच प्रश्न नेमका विचारायचा होता: “ही जागा अजून मंजूर आहे की होल्डवर आहे?” ‘मी कधी जॉइन होऊ?’ असं विचारलं की ‘लवकरच’ असं उत्तर येतं. मंजुरीबद्दल विचारलं की समोरचा माणूस अडखळतो, आणि त्या अडखळण्यातूनही बरंच कळतं. फोननंतर लगेच मेल गेला, कारण तोंडी बोललेलं नंतर कोणाला आठवत नाही. मेल साधारण असा होता:

“आपला २२ मार्चचा मेल मिळाला. आपण दिलेली ऑफर मी ३ मार्चला स्वीकारली आणि तिच्या आधारे ४ मार्चला सध्याच्या नोकरीचा राजीनामा दिला, हे आपणास कळवलेलं आहे. ठरलेल्या अटींवर रुजू होण्यास मी आजही तयार आहे. माझा सध्याच्या नोकरीतला शेवटचा दिवस ३ एप्रिल असल्याने कृपया २५ मार्चपर्यंत पुढील बाबी लेखी कळवाव्यात: हे पद सध्या मंजूर आहे का, नवीन तारीख कोणती, आणि पगारासह ऑफरच्या बाकी अटी तशाच आहेत का.”

या मेलमधला शब्द न् शब्द हेतूने आहे. ‘मी तयार आहे’ हे लिहायलाच हवं, नाहीतर उमेदवारानेच माघार घेतली असं दाखवायला जागा राहते. ‘हरकत नाही, मी वाट पाहते’ असं मात्र कुठेही लिहिलेलं नाही. तुमच्या मेलच्या तळाशी ‘बदलास मान्यता असल्याचं उत्तराने कळवावं’ अशी ओळ किंवा एखादं बटण असेल तर ते दाबायच्या आधी नीट वाचा. बिनतारखेच्या बदलाला मान्यता दिली की पुढे तक्रारीचं बळ कमी होतं. ‘मेल मिळाला’ एवढंच कळवा, ‘मान्य आहे’ म्हणू नका.

मेल गेल्यावर तासाभरात त्या आपल्या साहेबांच्या केबिनमध्ये होत्या. उत्तराची वाट पाहिली नाही. राजीनामा परत घेण्याबाबत प्रत्येक देशातले नियम वेगळे आहेत. पण बऱ्याच ठिकाणी मालकाने तो एकदा स्वीकारला की एकतर्फी परत घेता येत नाही, त्याची संमती लागते. म्हणून हा हक्क म्हणून मागू नका, विनंती म्हणून मांडा, आणि ती मांडताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली, खोटं बोलू नका. ‘घरच्या अडचणीमुळे निर्णय बदलला’ वगैरे सांगितलं आणि खरं कारण चार दिवसांत बाहेर आलं तर उरलेला विश्वासही जातो. ‘पुढच्या कंपनीने तारीख अनिश्चित केली आहे’ एवढं सरळ वाक्य पुरतं. दुसरी, आधी विचारा की माझ्या जागी कोणी ठरलं आहे का. ठरलं नसेल तर तुम्हाला ठेवणं साहेबांच्याही सोयीचं आहे. नवा माणूस शोधायचे, शिकवायचे तीन-चार महिने वाचतात.

ठरलं असेल किंवा साहेब कचरत असतील, तर लहान मागणी करा: शेवटचा दिवस चार आठवडे पुढे न्या. राजीनामा परत घेणं म्हणजे एचआर, वरिष्ठ, वित्त अशा सगळ्यांच्या सह्या. शेवटचा दिवस सरकवायला मात्र बऱ्याच ठिकाणी साहेबांचा एक मेल पुरतो, आणि हातातलं काम सोपवायचं राहिलंय हे कारण कोणालाही पटतं. त्या बाईंनी हेच मागितलं. मुलाखती चालू होत्या पण कोणी ठरलं नव्हतं. शेवटचा दिवस ३० एप्रिल झाला. हे त्यांनी मेलवर लिहून घेतलं, कारण एचआरच्या यंत्रणेत ३ एप्रिल तशीच राहिली असती तर त्या संध्याकाळी त्यांचं लॉगिन आपोआप बंद झालं असतं. तुम्हीही तोंडी होकारावर थांबू नका, यंत्रणेतली तारीख बदलल्याचं डोळ्यांनी बघा.

त्याच दिवशी त्यांनी नकार दिलेल्या दुसऱ्या कंपनीलाही लिहिलं. दोन ओळी: माझी परिस्थिती बदलली आहे, जागा रिकामी असल्यास बोलायला आवडेल. लाज वाटण्यासारखं यात काही नाही. नकारानंतर दोन-तीन आठवड्यांत जागा बऱ्याचदा रिकामीच असते, कारण दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराशी पगाराचं बोलणं चालू असतं. त्यांच्या बाबतीत मात्र ती भरली होती.

२५ ला नव्या कंपनीचं उत्तर आलं: पद मंजूर आहे, एप्रिलअखेर अपेक्षित, खात्री देता येत नाही. असं उत्तर आलं की आपली आपण एक तारीख ठरवायची. त्यांनी ८ एप्रिल ठरवली. तोवर लेखी तारीख आली नाही तर इथला राजीनामा पूर्ण मागे घ्यायचा प्रयत्न करायचा आणि बाहेर मुलाखती चालू ठेवायच्या. ही तारीख कंपनीला धमकी म्हणून कळवायची नसते, ती स्वतःसाठी असते. ८ तारीख शांततेत गेली. १० ला जुन्या कंपनीने राजीनामा मागे घेऊ दिला. १७ एप्रिलला ऑफर मागे घेतल्याचा मेल आला.

मागे घेतल्याच्या मेलनंतर काय मागायचं, यात लोक फार गोंधळतात. रागाच्या भरात वर्षभराचा पगार मागतात किंवा खचून काहीच मागत नाहीत. कायदा देशागणिक बदलतो, काही ठिकाणी सही झालेली ऑफर म्हणजे पूर्ण करार, काही ठिकाणी मालक कधीही कामावरून काढू शकतो म्हणून ऑफरलाही तेवढंच वजन. पण एक विचार बऱ्याच कायदेपद्धतींत या ना त्या रूपात सापडतो: तुमच्या वचनावर विसंबून मी काही सोडलं, त्यात माझं जे नुकसान झालं ते भरून द्या. अमेरिकेत मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये यावर निकाल दिला. एका औषधविक्रेत्याने एका आरोग्य संस्थेची नोकरी स्वीकारली, हातातली नोकरी सोडली, आणखी एका ठिकाणचा प्रस्ताव नाकारला. रुजू व्हायला फोन केला तेव्हा ती जागा दुसऱ्याला दिल्याचं कळलं. भरपाई त्याला मिळायला हवी असं न्यायालयाने म्हटलं, पण मोजायची ती त्याने सोडलेल्या नोकरीवरून आणि नाकारलेल्या प्रस्तावावरून. नव्या नोकरीत तो किती कमावणार होता यावरून नव्हे.

मागणी कशी बांधायची ते यातून कळतं. नव्या पगाराचा आकडा बाजूला ठेवा आणि काय सोडलं, काय खर्च झाला ते मांडा. पावत्या असलेला खर्च (वैद्यकीय तपासणी, घर बदलण्यासाठी दिलेली आगाऊ रक्कम, नोटीस पिरियड लवकर संपवण्यासाठी भरलेले पैसे) आणि त्याशिवाय पगाराविना काढावा लागलेला काळ. सोबत दोन कागद मागा, ते फुकट असतात आणि कंपन्या ते सहज देतात. एक, ऑफर कंपनीच्या कारणामुळे मागे घेतली, उमेदवाराच्या वर्तनाशी किंवा पडताळणीशी संबंध नाही, असं पत्र. पुढच्या मुलाखतीत ते फार उपयोगी पडतं. दुसरं, तुमची मूळ कागदपत्रं कंपनीकडे असतील तर ती परत. कंपनी पैसे देऊ करते तेव्हा बहुधा ‘यापुढे कोणताही दावा करणार नाही’ असा कागद सही करायला देते. रक्कम मोठी असेल किंवा तुम्ही नोकरीविना राहिला असाल, तर सहीपूर्वी कामगार कायद्याच्या वकिलाला तो दाखवा. तासाभराची फी त्या मानाने स्वस्त पडते. आणि हे सगळं मिटेपर्यंत कंपनीचं नाव घेऊन समाजमाध्यमांवर लिहू नका. नैतिक प्रश्न म्हणून म्हणत नाही, तडजोडीचा माणूस त्याच क्षणी फोन उचलणं बंद करतो म्हणून म्हणतो.

त्या बाईंची नोकरी वाचली होती, त्यामुळे त्यांचं नुकसान कमी होतं. घरासाठी दिलेली आगाऊ रक्कम आणि तपासणीचा खर्च त्यांनी पावत्यांसह मागितला. पाच आठवडे आणि तीन स्मरणपत्रांनंतर तो मिळाला. पत्रही मिळालं.

सप्टेंबरमध्ये त्याच कंपनीने त्याच पदासाठी त्यांना पुन्हा फोन केला. गोठवलेली जागा उघडली होती. त्यांनी आधी मागितलं की रुजू होण्यापूर्वी ऑफर मागे घेतली तर एक महिन्याचा पगार द्यावा, असं पत्रात लिहा. कायदा विभागाने नकार दिला. मग त्यांनी दुसरं मागितलं: जॉइनिंगची तारीख कॅलेंडरवरची नको, पडताळणी पूर्ण होऊन पद मंजूर असल्याचा अंतिम मेल येईल त्या दिवसापासून पस्तीस दिवसांनी असावी, आणि राजीनामा मी तो मेल आल्यावरच देईन. हे कंपनीने दहा मिनिटांत मान्य केलं.